तातडीच्या मानसोपचारासाठी डेल्फी: पॅनेल कसं निवडलं, कट-ऑफ कुठे ठेवला

मानसोपचारातल्या तातडीच्या प्रसंगांवर मार्गदर्शिका तयार करण्याच्या कामात समन्वयक म्हणून मी होतो. ‘तातडीचे प्रसंग’ म्हटलं की आत्महत्येचा प्रयत्न, डिलिरियम, दारू सुटल्यावरचा कंप, कॅटाटोनिया असं सगळंच त्यात येतं. डेल्फीत निवडक लोकांच्या पॅनेलला एकेक विधान देऊन फेऱ्याफेऱ्यांनी गुण मागतात आणि सहमती कुठे होते ते बघतात. सगळं एकाच डेल्फीत घ्यायचं म्हटलं तर विधानांची संख्या शेकड्यांत जाते आणि दुसऱ्या फेरीला अर्धं पॅनेल गायब होतं. म्हणून आम्ही एकच प्रसंग धरला: तातडीच्या विभागात आणलेला प्रक्षुब्ध प्रौढ रुग्ण आणि त्याचे पहिले काही तास.

डेल्फी ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये तयार झाली. तिचा गाभा चार गोष्टींत आहे. मत देणाऱ्याचं नाव इतरांना कळत नाही, मतं एकापेक्षा जास्त फेऱ्यांत घेतली जातात, प्रत्येक फेरीनंतर गटाचं मत सदस्यांना ठरावीक स्वरूपात परत दाखवलं जातं आणि शेवटचं उत्तर आकड्यांत मांडलं जातं. रुग्णालयाच्या उतरंडीत पहिल्या गोष्टीचं मोल फार आहे. विभागप्रमुख समोर बसलेले असताना रात्रपाळीची नर्स ‘सर, हे रात्री जमत नाही’ असं म्हणेलच असं नाही. स्क्रीनवर एकटी असताना ती नऊपैकी तीन गुण देऊन मोकळी होते.

आधी एक चाळणी लावावी लागते: कोणता प्रश्न पॅनेलला विचारायचाच नाही. स्नायूत कोणतं इंजेक्शन द्यावं यावर बऱ्यापैकी चाचण्या झालेल्या आहेत. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन या जोडीची तुलना रिओमध्ये मिडाझोलामशी आणि वेल्लोरमध्ये लोराझेपामशी झाली; त्या चाचण्या अनुक्रमे २००३ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. असा पुरावा हाताशी असताना ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारण्यात अर्थ नाही. तो पुरावा परीक्षणाच्या गटाकडे जातो. स्नायूतलं ओलान्झापिन आणि इंजेक्शनने दिलेलं बेन्झोडायझेपिन लागोपाठ देण्यातला धोकाही आम्ही मताला टाकला नाही. ती औषधाच्या सुरक्षिततेची माहिती आहे. तिला नव्वद टक्के मतं पडली काय आणि चाळीस टक्के पडली काय, धोका तेवढाच राहतो. डेल्फीसाठी उरतात ते प्रश्न, ज्यांवर चाचणी झालेली नाही आणि व्हायची शक्यताही कमी आहे. रुग्णाशी एकाने बोलायचं की दोघांनी, नातेवाइकांना आत ठेवायचं का, सुरक्षारक्षक कुठे उभे राहायचे, बांधलेल्या रुग्णाचे बंध कोणी आणि कशावरून सोडायचे, असे हे प्रश्न.

पॅनेल

पॅनेल निवडताना पहिली अडचण ‘तज्ज्ञ’ शब्दाचीच. निमंत्रणात नुसतं ‘या विषयातले तज्ज्ञ’ लिहिलं की प्राध्यापक आणि विभागप्रमुख येतात. त्यांतल्या अनेकांनी प्रक्षुब्ध रुग्णाला शेवटचा हात लावून बरीच वर्षं झालेली असतात. म्हणून निकष लेखी हवेत आणि ते पदावर नाही, कामावर बेतलेले हवेत. आमच्याकडे डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी अट अशी होती की गेल्या दोन वर्षांत त्यांनी असे रुग्ण स्वतः हाताळलेले असावेत, रात्रपाळीसह. मार्गदर्शिका लिहिणारा मुख्य गट पॅनेलमध्ये नव्हता आणि त्याला मतही नव्हतं. विधानं लिहिणाराच मत देणार असेल तर त्याला स्वतःची विधानं गोडच लागतात.

आम्ही चार गट केले: मानसोपचारतज्ज्ञ १४, तातडीच्या विभागातले डॉक्टर ८, नर्स १० आणि स्वतः अशा प्रसंगातून गेलेले रुग्ण व त्यांचे काळजीवाहक मिळून ८. एकूण ४०. डेल्फीत संख्येचं बंधन नाही, कारण हा लोकसंख्येचा नमुना नसतो. पण गट जितका लहान, तितका एकेका मताचा भार मोठा, आणि पुढे कट-ऑफ ठरवताना हे जाम आडवं येतं. शिवाय शेवटच्या फेरीपर्यंत काही जण गळणारच. म्हणून हवे त्याहून थोडे जास्त लोक बोलवावेत आणि होकार घेतानाच किती फेऱ्या असतील, दर फेरीला साधारण किती वेळ जाईल आणि तारखा कोणत्या, हे सांगून टाकावं.

‘तुमच्या ओळखीचं आणखी कोण?’ असं विचारत नावं जमवली तर पॅनेल एकाच मुशीतलं होतं. एकाच संस्थेत शिकलेले, एकाच पद्धतीने काम करणारे लोक एकमेकांची नावं सुचवतात, आणि मग पहिल्याच फेरीत सहमती दिसते. ती सहमती त्या संस्थेच्या सवयीची असते. यावर इलाज म्हणजे नावं येण्याआधीच एक तक्ता आखणे: मोठं रुग्णालय आणि लहान, मानसोपचार वॉर्ड असलेलं आणि नसलेलं, रात्री मानसोपचारतज्ज्ञ हजर असणारं आणि फोनवर असणारं. प्रत्येक चौकटीत किमान दोन माणसं येईपर्यंत शोधत राहायचं. औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध असतील तर ते निमंत्रणाच्या वेळीच लिहून घ्यायचे, आणि त्या कंपन्यांशी संबंधित विधानांवर त्यांचं मत मोजायचं की नाही हे आधी ठरवायचं.

रुग्ण आणि काळजीवाहकांचा गट शोभेपुरता ठेवला तर त्याचा उपयोग नाही. एक-दोन माणसं घेतली की त्यांचं मत चाळिसांत विरघळून जातं. त्यांचा निकष आम्ही असा ठेवला: स्वतः किंवा घरच्या माणसाच्या बाबतीत असा प्रसंग अनुभवलेला असावा, सध्या प्रकृती स्थिर असावी, आणि विधानं वाचताना त्रास झाला तर बोलायला आमच्या बाजूने एक ठरलेली व्यक्ती असावी. विधानांची भाषा साधी करण्याचं काम त्यांच्यामुळेच झालं. त्याचा फायदा डॉक्टरांनाही झाला, कारण ‘योग्य तो हस्तक्षेप’ या शब्दांचा अर्थ त्यांच्यातही तीन प्रकारे लागत होता. वेळेचं मानधन द्यायचं असेल तर सगळ्यांना सारखं द्यावं.

विधानं

पहिल्या फेरीत मोकळे प्रश्न विचारले आणि जोडीला प्रसिद्ध मार्गदर्शिकांतून निघालेल्या विधानांची यादी दिली. उत्तरांतून आलेल्या सूचना मिळवून दुसऱ्या फेरीची प्रश्नावली झाली. एका विधानात एकच कृती, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण ‘रुग्णाला बांधल्यास दर १५ मिनिटांनी तपासावे व वरिष्ठ डॉक्टरांना कळवावे’ असली वाक्यं कितीही चाळली तरी उरतात. याला पाच गुण आले तर कशाला आले, तपासण्याला की कळवण्याला, हे कळायला मार्ग नसतो. ‘व’, ‘आणि’, ‘तसेच’ हे शब्द शोधून एकेक विधान फोडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ‘लगेच’, ‘वारंवार’, ‘शक्य असल्यास’ हे शब्दही काढावेत. शक्य असल्यास काहीही करावं, याला कोण विरोध करणार? तिथे सहमती मिळते आणि हाती काहीच येत नाही.

गुण १ ते ९. १ ते ३ म्हणजे अयोग्य, ४ ते ६ म्हणजे अनिश्चित, ७ ते ९ म्हणजे योग्य. सोबत ‘हे माझ्या अनुभवाबाहेरचं आहे’ असा पर्याय दिला. तो दिला नाही तर लोक ५ वर टिचकी मारतात आणि अज्ञान हे अनिश्चित मत म्हणून मोजलं जातं. मात्र टक्केवारी काढताना ही उत्तरं छेदात धरायची नाहीत, आणि एखाद्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी तोच पर्याय निवडला तर त्या गटाचा निकाल त्या विधानासाठी ग्राह्य धरायचा नाही, हे आधी लिहून ठेवावं लागतं.

कट-ऑफ

सहमती म्हणजे किती टक्के, याला सर्वमान्य उत्तर नाही. मानसिक प्रथमोपचाराच्या ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शिकांत प्रत्येक पॅनेलमध्ये किमान ८० टक्के लागतात. संशोधनात कोणते परिणाम मोजावेत हे ठरवणाऱ्या अनेक डेल्फींत ७० टक्के लोकांनी ७ ते ९ द्यावेत आणि १ ते ३ देणारे १५ टक्क्यांहून कमी असावेत, अशी दुहेरी अट असते. रँड आणि यूसीएलएच्या पद्धतीत मध्यक बघतात आणि त्याला मतभेदाची कसोटी जोडतात: नऊ जणांच्या पॅनेलमध्ये तीन जण खालच्या टोकाला आणि तीन जण वरच्या टोकाला असतील तर मध्यक काहीही असो, तो मतभेदच. आकडा कोणताही घ्या, पण तो पहिलं उत्तर येण्याआधी नियोजन-आराखड्यात लिहिलेला हवा. निकाल बघून ७५ चे ७० केले की कोणतंही विधान पास करता येतं.

आम्ही दुहेरी अट घेतली, पण प्रत्येक गटाला वेगळी लावली. चारही गटांत ७० टक्के लोक ७ ते ९ मध्ये हवेत आणि कोणत्याही गटात १ ते ३ देणारे १५ टक्के किंवा जास्त नकोत. आता गटाच्या आकाराकडे बघा. आठ जणांत एक मत म्हणजे साडेबारा टक्के. तिथे ७० टक्के म्हणजे प्रत्यक्षात सहा मतं, कारण पाच मतं साडेबासष्ट टक्के होतात आणि सहा पंचाहत्तर. हीच मर्यादा ८० केली असती तर सहा मतं पुरली नसती, सात लागली असती. तसंच १५ टक्क्यांची अट म्हणजे एकाचा विरोध चालतो, दोघांचा नाही. कागदावर टक्के लिहिताना प्रत्येक गटासाठी शेजारी माणसं लिहून बघा. ‘८० टक्के’ मागून आपण खरं तर जवळजवळ एकमत मागतोय, हे तेव्हा लक्षात येतं.

गट वेगळे का मोजायचे, ते एका विधानावरून स्पष्ट होईल. विधान असं होतं: ‘रुग्ण आक्रमक होण्याची चिन्हं दिसल्यास बोलणी सुरू असतानाच सुरक्षारक्षकांना खोलीत उभं करावं.’ दोन्ही प्रकारचे डॉक्टर आणि नर्स मिळून ३२ जणांपैकी २८ जणांनी ७ किंवा वरचे गुण दिले. रुग्ण आणि काळजीवाहकांच्या आठ जणांत फक्त दोघांनी. एकूण ४० पैकी ३०, म्हणजे बरोबर ७५ टक्के. एकच आकडा बघितला असता तर विधान पास झालं असतं, आणि ज्यांच्यावर ते लागू होणार त्या गटातल्या चौघांतल्या तिघांना ते पटलेलं नाही हे मार्गदर्शिकेत कुठेच दिसलं नसतं.

मतांसोबतचे शेरे वाचल्यावर कळलं की दोन्ही बाजू वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होत्या. कर्मचाऱ्यांना हवी होती हाक मारली की मदत येण्याची खात्री. रुग्णांच्या बाजूने लिहिलेलं असं, की गणवेशातली माणसं भिंतीला लागून उभी राहिली की आता आपल्याला धरणार हे नक्की वाटतं आणि बोलणं तिथेच संपतं. तेव्हा पुढच्या फेरीसाठी विधान फोडलं. एक: रक्षक दाराबाहेर, रुग्णाच्या नजरेआड पण हाकेच्या अंतरावर असावेत. दोन: रक्षकांना आत बोलावण्याचा निर्णय रुग्णाशी बोलणाऱ्या व्यक्तीने घ्यावा. तीन: आत येण्याआधी ते का येत आहेत हे रुग्णाला सांगावं. पहिली दोन चारही गटांत पास झाली. तिसऱ्यावर तातडीच्या विभागातले डॉक्टर अडले, कारण हल्ला सुरू झाल्यावर सांगायला वेळ नसतो. तिथे ‘हल्ला सुरू झालेला नसेल तर’ ही अट घालून ते परत पाठवलं.

फेऱ्यांच्या मध्ये

प्रत्येकाला परत जाणाऱ्या पानावर त्याचा स्वतःचा गुण, प्रत्येक गटात कोणत्या गुणाला किती मतं याचा छोटा स्तंभालेख आणि निनावी शेरे होते. नुसता मध्यक दाखवू नये. अर्धे जण २-३ वर आणि अर्धे ८-९ वर असले तर मध्यक ५ च्या आसपास येतो आणि सगळे गोंधळलेले आहेत असं वाटतं, प्रत्यक्षात दोन्ही बाजू ठाम असतात. शेरे निनावी ठेवायचे म्हणजे नुसतं नाव काढून भागत नाही. ‘आमच्या ३० खाटांच्या वॉर्डात’ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. तसे उल्लेख काढावे लागतात, आणि प्रश्नावली सगळ्यांना एकाच मेलमध्ये, सगळ्यांचे पत्ते दिसतील अशी तर अजिबात पाठवू नये.

असंच दोन टोकांना फाकलेलं विधान होतं इंजेक्शननंतरच्या देखरेखीचं: ‘शांत करण्यासाठी स्नायूत इंजेक्शन दिल्यावर पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वासाची गती आणि शुद्धीची पातळी नोंदवावी.’ शेऱ्यांवरून दिसलं की खालचे गुण देणाऱ्यांचा त्यातल्या वैद्यकीय भागाला विरोध नव्हता. रात्री एका नर्सकडे किती रुग्ण असतात, याचा तो हिशेब होता. ‘योग्य आहे का’ आणि ‘तुमच्याकडे होऊ शकतं का’ हे दोन प्रश्न एकाच गुणात अडकले होते. ते वेगळे विचारले आणि विधानाचेही दोन भाग केले. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत अशीच विभागणी आहे: सर्वसाधारणपणे किमान दर तासाला, आणि रुग्ण झोपलेला किंवा गुंगीत दिसत असेल, दारू किंवा अमली पदार्थ घेतलेले असतील, आधीचा शारीरिक आजार असेल किंवा औषधाची कमाल मात्रा ओलांडली असेल तर दर १५ मिनिटांनी. या धर्तीवर लिहिलेलं विधान पास झालं. ‘होऊ शकतं का’ याचे गुण मात्र कमीच राहिले, आणि ते आम्ही शिफारशीच्या शेजारी तसेच छापले. त्यांमुळे शिफारस सौम्य केली नाही. मनुष्यबळ कुठे कमी पडतं हे प्रशासनाला दाखवायला ते आकडे उपयोगी पडतात.

खोटी सहमती

तिसऱ्या फेरीत आकडे वर जातात तेव्हा सावध व्हावं. मत बदललं म्हणून आकडा वाढतो, कंटाळा आला म्हणून लोक मध्यकाकडे सरकतात तेव्हाही वाढतो, आणि विरोध करणारे निघून गेले की तर वाढतोच. १४ जणांच्या गटात ९ अनुकूल असतील तर ६४ टक्के. प्रतिकूल पाचांपैकी तिघांनी पुढची फेरी भरलीच नाही तर ११ पैकी ९, म्हणजे ८२ टक्के. कोणीही मत बदललेलं नाही आणि विधान पास. म्हणून दर फेरीला कोण गळालं ते बघून त्यांचे आधीच्या फेरीतले गुण उरलेल्यांच्या गुणांशी ताडायचे, आणि आधीच्या फेरीचा निकाल दोन्ही फेऱ्या भरलेल्यांवरच पुन्हा काढून बघायचा. दोन निकालांत विधानाचं पास-नापास बदलत असेल तर ते ‘सहमती नाही’ मध्ये टाकायचं. हे करण्यासाठी सदस्यांचे सांकेतिक क्रमांक फेऱ्यांमध्ये जुळवता आले पाहिजेत. म्हणजे डेल्फीतला निनावीपणा हा इतर सदस्यांपुरताच असतो. समन्वयकाकडे यादी असते, आणि हे सदस्यांना संमतीपत्रात स्पष्ट सांगावं.

थांबायचं कधी, हेही आधीच ठरवलेलं बरं. सहमती आणि स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन फेऱ्यांत गुणांची विभागणी फारशी हललेली नसेल (१५ टक्क्यांहून कमी बदल, असा एक प्रचलित संकेत आहे) तर आणखी फेरी घेऊन हाती थकवाच येतो. अशी स्थिर असहमती हाही निकालच असतो. आमच्या यादीत ‘नातेवाइकांना सुरुवातीच्या बोलण्याच्या वेळी खोलीत थांबू द्यावं’ हे विधान तिथेच राहिलं. काळजीवाहक बाजूने, रुग्ण स्वतः दोन तट पडलेले, नर्स बहुतेक विरोधात. ते वगळलं नाही. चारही गटांचे स्तंभालेख आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन शेरे देऊन ‘रुग्णाला विचारून ठरवावं, पॅनेलमध्ये सहमती नाही’ अशी नोंद केली, आणि मुख्य गटाने स्वतःच्या अधिकारात तिथे शिफारस लिहिण्याचा मोह टाळला. पास झालेल्या प्रत्येक शिफारशीपुढेही ‘सहमतीवर आधारित’ किंवा ‘चाचण्यांवर आधारित’ यांपैकी एक शिक्का आहे, आणि पहिल्या प्रकारात गटवार टक्केवारी व उत्तर देणाऱ्यांची संख्या कंसात दिली आहे.